एका गोळीत तीन बिऱ्हाडे

मळवली स्टेशनावर लोकल सोडली आणि द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की समोर भाजे गाव येते. डाव्या-उजव्या हातांना विसापूर आणि लोहगड, मधल्या उतारावर भाताची खाचरे, आणि वर कातळात दोन हजार वर्षांची लेणी. माझी आत्या याच गावात राहते. वय अडुसष्ट, वजन जेमतेम अठ्ठेचाळीस किलो, आणि उभा जन्म चिखलात वाकून भात लावण्यात गेलेला. गेल्या श्रावणात तिच्या अंगावर जे बेतले त्याचीच ही हकीगत. मी तीस वर्षे औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलेला माणूस. तरीही घरच्या माणसाची पिशवी उघडून पाहायचे मला उशिराच सुचले, हे आधीच कबूल करतो.

मी गेलो त्या दिवशी आत्या ओसरीवर बसली होती. दोन्ही पावले सुजून चकचकीत झालेली, तोंड फिके, खालचे पापुद्रे फुगलेले. "काय गं आत्या, हे काय करून घेतलंस?" म्हणालो, तर म्हणाली, "आरं, चिखलात उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन पाय आल्यात. त्यात दोन दिस जुलाब झालं. व्हईल बरं."

"लघवी?"

"ती बी कमीच व्हती कालपासनं."

हे उत्तर ऐकून मी चहाची कपबशी खाली ठेवली आणि म्हटले, "औषधांची पिशवी आण बघू."

पिशवीतून चार प्रकारच्या गोळ्या निघाल्या. रक्तदाबाची रोजची एक. लावणीनंतर गुडघे आणि कंबर धरली म्हणून आणलेली दुखण्याची एक. पावसात भिजून सर्दी झाली म्हणून आणलेली एक. आणि अंग मोडून आल्यावर घ्यायची म्हणून घरात कायम असणारी तापाची एक. आत्याने त्या ओळीने मांडल्या आणि मोठ्या ऐटीत सांगितले, "ही रोजची, ही दुखन्याची, ही सर्दीची आन् ही तापाची. येगळ्या रोगाला येगळी गोळी. त्यात काय बिघडलं?"

वाचकहो, आत्याचे हे तर्कशास्त्र आपल्यापैकी बहुतेकांचे असते. आपण गोळी ओळखतो ती दुखण्याच्या नावाने; पण पोटात गेल्यावर गोळीला आपले दुखणे ठाऊक नसते. तिच्या आत जे घटक असतात ते आपापले काम करतात. आणि हल्लीच्या पुष्कळ गोळ्या म्हणजे चाळीतल्या खोलीसारख्या असतात: दारावर पाटी एकाची, आत बिऱ्हाडे दोन किंवा तीन. आत्याच्या चार गोळ्यांच्या दारांमागे एकूण नऊ बिऱ्हाडे होती.

पाटीमागे कोण राहते?

पट्टी उलटी करून तिच्यावरचा बारीक मजकूर वाचला की ही बिऱ्हाडे सापडतात. "प्रत्येक गोळीत" अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी तो मजकूर सुरू होतो. त्याखाली एकेका ओळीत एकेक घटक, त्यापुढे बहुधा "आयपी" ही दोन अक्षरे, म्हणजे भारतीय औषधकोशाच्या मानकानुसार केलेला, आणि शेवटी मिलिग्रॅमचा आकडा. शेवटी रंगाचे आणि भरणीच्या पदार्थांचे नाव येते. ते औषध नव्हे.

वाचताना एका ठिकाणी लोक नेहमी फसतात. काही घटक क्षाराच्या रूपात घातलेले असतात. तेव्हा ओळ अशी असते: अमुक क्षार, "समतुल्य" अम्लोडिपीन ५ मि.ग्रॅ. यातला "समतुल्य" या अर्थाच्या शब्दानंतरचा आकडा आपला. एकाच ओळीत दोन नावे दिसली म्हणून घटक दोन समजू नयेत.

दुसरी अडचण पाटीच्या आकाराची. २०१८ पासून आपल्याकडे नियम असा आहे, की औषधाचे मूळ नाव कंपनीने ठेवलेल्या नावापेक्षा निदान दोन आकारांनी मोठ्या अक्षरांत छापावे. पण या नियमातून तीन किंवा अधिक घटकांच्या गोळ्या वगळल्या आहेत. म्हणजे जिथे आत दाटी जास्त, तिथेच बाहेरचे ठेवलेले नाव मोठे आणि आतली नावे बारीक राहू शकतात. कंपनीच्या नावापुढचे "प्लस", "फोर्ट", "एच", "एएम" असले शेपूट काही तरी जास्तीचे आत आहे एवढेच सुचवते. "एच" असेल तर बहुधा लघवी वाढवणारा घटक आणि "एएम" असेल तर बहुधा अम्लोडिपीन. पण "बहुधा" या शब्दावर औषध घ्यायचे नसते. शेपटावरून ओळख पटली तरी पट्टी उलटी करावीच.

तिसरी अडचण आमच्या काउंटरमागच्या कात्रीची. गिऱ्हाईक म्हणते, "चारच द्या." आम्ही पट्टी कापतो. कापलेल्या तुकड्यावर कधी अर्धे नाव येते, कधी नुसते बॅच नंबरचे आकडे. आत्याच्या दुखण्याच्या गोळीचा तुकडा असाच निघाला. त्यावर शेवटच्या ओळीची दोन अक्षरे तेवढी होती. तिने ती कुठून आणली ते विचारून, दुकानात फोन लावून मला घटक कळले. तेव्हा तुकडा घेताना घटकांचा मजकूर असलेली बाजू मागून घ्यावी. नाहीच जमली तर पाकिटावर घटकांची नावे दुकानदाराकडूनच लिहून घ्यावीत.

नऊ ओळींचा हिशेब

मी आत्याच्या नातीची शाळेची वही घेतली आणि गोळ्यांची नावे बाजूला ठेवून घटक लिहिले. प्रत्येक घटकाला स्वतंत्र ओळ.

रोजच्या गोळीत तीन: टेल्मिसार्टन ४० मि.ग्रॅ., अम्लोडिपीन ५ मि.ग्रॅ. आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ मि.ग्रॅ. दिवसातून एकदा. दुखण्याच्या गोळीत दोन: असेक्लोफेनॅक १०० मि.ग्रॅ. आणि पॅरासिटामॉल ३२५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा. सर्दीच्या गोळीत तीन: पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ., फेनिलेफ्रीन १० मि.ग्रॅ. आणि क्लोरफेनिरामीन २ मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा. तापाची गोळी एकट्या पॅरासिटामॉलची, ६५० मि.ग्रॅ., तीही तीनदा.

वही समोर धरताच पहिली गोष्ट नातीनेच पाहिली. "मामा, हे नाव तीनदा आलंय!"

पॅरासिटामॉल तीन पाट्यांमागे लपून बसले होते. त्याची बेरीज केली. दुखण्याच्या गोळीतून दोन वेळा ३२५, म्हणजे ६५०. सर्दीच्या गोळीतून तीन वेळा ५००, म्हणजे १५००. तापाच्या गोळीतून तीन वेळा ६५०, म्हणजे १९५०. एकूण ४१०० मि.ग्रॅ. धडधाकट प्रौढ माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४००० ची. अठ्ठेचाळीस किलोच्या म्हातारीला डॉक्टर त्याहून बरीच खाली ठेवतात. आणि एकही गोळी तिने सांगितल्यापेक्षा जास्त घेतली नव्हती! प्रत्येक गोळी आपल्या मापात होती. बेरीज मात्र मापाबाहेर गेली होती. पॅरासिटामॉलच्या पट्टीवर यकृताला गंभीर इजा होण्याचा इशारा छापलेला असतो, तो याच बेरजेबद्दल. दारू पिणाऱ्याला आणि उपाशीपोटी राहणाऱ्याला ही मर्यादा आणखी जवळची. परदेशातल्या मुलाने अमेरिकेहून गोळ्या पाठवल्या असतील तर हेही लक्षात ठेवावे, की तिकडे याच औषधाला असेटामिनोफेन म्हणतात. नाव निराळे, बिऱ्हाड तेच.

पण आत्याचे पाय पॅरासिटामॉलने सुजले नव्हते. ते कारण वहीत दुसरीकडे होते, आणि ते नावांच्या पुनरुक्तीत दिसणारे नव्हते. तीन वेगवेगळी नावे एकाच अवयवावर तीन बाजूंनी चालून गेली होती.

खाचर आणि मूत्रपिंड

हे आत्याला समजावताना मी समोरच्या खाचराकडे बोट दाखवले. खाचरात पाणी ठराविक उंचीवर उभे राहिले पाहिजे, तरच ते झिरपते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पाटाला पुरेसे पाणी हवे, आत येणारे तोंड उघडे हवे, आणि बाहेर जाणारे तोंड थोडे आवळलेले हवे. मूत्रपिंडात अशी लाखो चिमुकली खाचरे आहेत. रक्त आत येते, तिथे दाबाने त्यातले पाणी आणि घाण गाळली जाते, आणि उरलेले रक्त बाहेर पडते. दाब उतरला की गाळणे थांबते.

आता तीन घटक पाहा. हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीवाटे पाणी आणि मीठ काढून टाकते, म्हणजे पाटाचे पाणी कमी करते. टेल्मिसार्टन बाहेरचे तोंड सैल सोडते. रक्तदाबाच्या रोग्याला हे दोन्ही बहुधा मानवतात. शरीर आतले तोंड जास्त उघडून हिशेब जुळवून घेते. हे आतले तोंड उघडे ठेवायला शरीर काही खास रसायने बनवते. आणि असेक्लोफेनॅक नेमकी तीच रसायने बनू देत नाही. गुडघ्याची कळ थांबते ती त्याच कारणाने. म्हणजे पाटाला पाणी कमी, बाहेरचे तोंड सैल, आणि आतले तोंड आवळलेले. खाचर कोरडे पडणारच.

त्यात आत्याला दोन दिवस जुलाब झाले. पाटात होते नव्हते तेवढे पाणीही गेले.

"म्हंजी तिन्ही बाजूंनी बांध फोडला म्हना की," आत्या म्हणाली. शेतकऱ्याच्या बाईला ही गोष्ट समजायला वेळ लागला नाही.

हे नुसते तर्काने सांगितलेले नाही. २०१३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या कुळातली तिन्ही औषधे एकत्र घेणाऱ्यांत मूत्रपिंडाला एकाएकी इजा होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त आढळले, आणि पहिल्या ३० दिवसांत तर ८२ टक्क्यांनी. इजा तशी थोड्यांनाच होते. पण तिसरे औषध सुरू झाल्यानंतरचा पहिला महिना हा डोळ्यांत तेल घालून पाहायचा महिना आहे, एवढे त्यातून घ्यावे.

सूज कोणाची?

इथे एक फसगत होते. पाय सुजले की पुष्कळदा जाणकार माणूसही म्हणतो, "ही अम्लोडिपीनची सूज." ते खोटे नाही. अम्लोडिपीनने घोटे सुजतात. पण ती सूज औषध सुरू केल्यावर किंवा त्याचे माप वाढवल्यावर येते, दोन्ही घोट्यांवर संध्याकाळी वाढते, रात्री पाय वर घेतले की उतरते, आणि लघवी नेहमीसारखी होत असते. आत्या ही गोळी तीन वर्षे घेत होती आणि तिचे घोटे कधी सुजले नव्हते. सूज चार दिवसांत आली, सकाळी पापण्याही फुगल्या आणि लघवी कमी झाली. जुने औषध जुन्याच मापात चालू असताना नवे लक्षण आले, तर संशय नव्या पाहुण्यावर घ्यावा. अशा वेळी मळमळ, धाप किंवा ग्लानी असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आम्ही त्याच दुपारी तिला दवाखान्यात नेले. वही बरोबर होती. डॉक्टरांनी नऊ ओळींवर नजर फिरवली आणि रक्त काढायला सांगितले. क्रिएटिनीन २.१ निघाले; वर्षापूर्वीच्या कागदावर ०.९ होते. दुखण्याची गोळी कायमची बंद झाली. रक्तदाबाची गोळी त्यांनी काही दिवस थांबवली, सलाईन दिले, पोटॅशियमही तपासले. पंधरा दिवसांनी क्रिएटिनीन १.१ वर आले आणि रक्तदाबाचे औषध पुन्हा सुरू झाले. हे थांबवणे आणि सुरू करणे डॉक्टरांच्या हातचे होते. वाचकांनी हे वाचून आपली रक्तदाबाची गोळी स्वतःच बंद केली, तर लेखाचा उपयोग होण्याऐवजी अपकार होईल. जुलाब किंवा उलट्या लागल्या असता यातली कोणती गोळी त्या दिवसापुरती ठेवावी आणि कोणती नाही, हे मात्र डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवावे.

सर्दीच्या गोळीतले शेजारी

सर्दीची गोळी आपण निरुपद्रवी समजतो. तिच्यातले पॅरासिटामॉल आपण मोजले. राहिलेल्या दोघांपैकी फेनिलेफ्रीन रक्तवाहिन्या आवळून नाक मोकळे करण्यासाठी घातलेले असते. रक्तदाबाच्या रोग्याला तो घटक उलट दिशेने ओढतो. शिवाय पोटात घेतलेल्या फेनिलेफ्रीनने चोंदलेले नाक उघडत नाही, असा एकमुखी निर्वाळा अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार मंडळाने २०२३ साली दिला. दुसरा क्लोरफेनिरामीन: तो शिंका आणि गळणारे नाक थांबवतो, पण झोप आणतो. लेण्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा तोल त्याने जातो, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडते, आणि काचबिंदू असलेल्याच्या डोळ्यातला दाब वाढू शकतो. याच जोडीचे औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला.

पाहा, एका साध्या सर्दीच्या गोळीने तीन निरनिराळ्या सावधगिऱ्या घरात आणल्या: यकृताची, रक्तदाबाची आणि तोलाची. गोळीला एक सावधगिरी नसते. घटकागणिक एक असते, आणि त्या एकमेकींत मिसळून कमी होत नाहीत.

मग अशा गोळ्या घ्याव्यात की नाही?

सगळ्या जोडगोळ्या वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. रक्तदाबाला दोन-तीन औषधे लागतात, तेव्हा ती एकाच गोळीत असली की म्हातारे माणूस विसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रक्तदाबाच्या अशा जोड्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. आत्याला आजही तीच तीन घटकांची गोळी चालू आहे. पण गरज नसलेल्या जोड्यांचाही आपल्या बाजारात सुळसुळाट झाला होता. केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ जोड्यांवर बंदी घातली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि पुन्हा छाननी होऊन सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ जोड्या बंद झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ गेल्या. त्यांत असेक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मि.ग्रॅ. ही जोडीही होती. तीच दोन नावे दुसऱ्या मापात दुकानात राहिली. म्हणून नावाबरोबर आकडाही वाचायचा.

जोडगोळीची खरी मर्यादा अशी, की एका बिऱ्हाडाला बाहेर काढता येत नाही. मीठ-पाणी कमी करणारा घटक नको झाला तर गोळीच बदलावी लागते. एकाचे माप अर्धे करायला गोळी मोडली तर तिघांचेही अर्धे होते.

आडनावांची थोडी ओळख ठेवली तर वही लवकर बोलते. "सार्टन" ने संपणारी नावे टेल्मिसार्टनची भावंडे. "प्रिल" ने संपणारी त्यांची चुलत भावंडे. "फेनॅक" आणि "प्रोफेन" ही दुखण्याच्या घराण्यातली. सगळ्यांची आडनावे अशी सरळ नसतात, पण वहीत सार्टन किंवा प्रिल आहे, लघवीची गोळी आहे, आणि कोणी फेनॅक किंवा प्रोफेन दारात उभा आहे असे दिसले, तर त्याला आत घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आत्याच्या गुडघ्यांना आता शेक, लावायचे मलम, आणि फारच झाले तर मोजून एकटे पॅरासिटामॉल चालते.

दसऱ्याला मी पुन्हा भाज्याला गेलो. भात पिवळे पडायला लागले होते, आत्याचे पाय उतरले होते, आणि वही देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात होती. नातीने तिच्यात आजोबांच्या साखरेच्या गोळीचीही दोन बिऱ्हाडे लिहून ठेवली होती. आत्या सांगत होती, की परवा खोकल्याला काही तरी आणायला दुकानात गेले, तर पोराने एक पट्टी पुढे केली.

"मग तू काय केलंस?"

"काय करनार? पट्टी उलटी केली आन् त्याला इचारलं, बाबा, हिच्यात आत कोन कोन ऱ्हातंय, ते आधी वाचून दाव. माज्या घरातला कुनी त्यात नाय ना, ते बगू दे."

पोराने वाचून दाखवले. त्यात एक पॅरासिटामॉल निघाले. आत्याने पट्टी परत दिली आणि घरी येऊन आल्याचा काढा उकळत ठेवला.